कडेचं तापमान माहीत असेल, तर चकतीच्या आतलं तापमान कसं काढायचं

१० सेंटीमीटर त्रिज्येची अ‍ॅल्युमिनियमची पातळ चकती घ्या. तिच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवर उष्णतारोधक थर आहे, त्यामुळे उष्णता फक्त कडेतूनच आत-बाहेर जाऊ शकते. कडेचा अर्धा भाग १०० अंशांवर धरून ठेवला आहे आणि उरलेला अर्धा शून्य अंशावर. बराच वेळ गेला, तापमान बदलायचं थांबलं. आता केंद्रापासून ५ सेंटीमीटरवर, गरम बाजूच्या बरोबर मधोमध रोखाने, तापमान किती असेल?

उत्तर ७९.५२ अंश. ते काढताना अ‍ॅल्युमिनियमची उष्णतावाहकता कुठेही लागत नाही. चकती तांब्याची असो की काचेची, कडेचं तापमान तसंच धरून ठेवलं आणि स्थिर अवस्था येईपर्यंत थांबलो, तर आकडा हाच येतो. धातू बदलला की फक्त थांबण्याचा वेळ आणि वाहणाऱ्या उष्णतेचं प्रमाण बदलतं. हे उत्तर कसं येतं आणि कडेवर सूत्राऐवजी आठ थर्मोकपलांची वाचनं हाती असतील तर काय करायचं, ते क्रमाने पाहू.

समीकरण, आणि त्यातलं विसरलं जाणारं पद

स्थिर अवस्थेत चकतीच्या कोणत्याही लहान तुकड्यात जेवढी उष्णता शिरते तेवढीच बाहेर पडते. तापमानाला u म्हटलं आणि चौकोनी तुकडा घेतला, तर यातून `u_xx + u_yy = 0` हे लाप्लासचं समीकरण मिळतं; `u_xx` म्हणजे u चं x नुसार दोनदा घेतलेलं अवकलज. स्थिर विद्युतशास्त्रातलं विभवही हेच समीकरण पाळतं, म्हणून याला विभव समीकरणही म्हणतात. कड गोल आहे, तेव्हा x आणि y घेऊन काम केलं तर सीमेची अट लिहितानाच दमछाक होते. केंद्रापासूनचं अंतर r आणि कोन θ घेतले आणि चकतीच्या त्रिज्येला a म्हटलं, की कड म्हणजे फक्त `r = a`.

पण ध्रुवीय सहनिर्देशकांत तुकडा चौकोनी राहत नाही. त्याची बाहेरची कमान आतल्या कमानीपेक्षा लांब असते. उष्णता बाहेर जाताना तिला जास्त रुंदी मिळते, आणि त्यातूनच समीकरणात एक जादा पद येतं:

```
u_rr + (1/r) u_r + (1/r²) u_θθ = 0
```

मधलं `(1/r) u_r` हे ते पद. घाईत सगळ्यात जास्त गळतं ते हेच. ते गळल्याचं कसं कळतं, ते पुढच्या पायरीत आपोआप दिसेल.

चल वेगळे करणं

उत्तर `u = R(r) Θ(θ)` अशा गुणाकाराच्या रूपात आहे असं धरा, समीकरणात टाका, `r²` ने गुणा आणि `RΘ` ने भागा. एका बाजूला फक्त r उरतो, दुसऱ्या बाजूला फक्त θ. दोन्ही बाजू नेहमी समान राहायच्या तर त्या एका स्थिरांकाइतक्याच असायला हव्यात. त्याला λ म्हणू.

```
Θ'' + λ Θ = 0
r² R'' + r R' − λ R = 0
```

λ किती घ्यायचा हे कडेचं तापमान ठरवत नाही. ते चकतीचा गोलपणा ठरवतो. θ मध्ये २π मिळवले की आपण त्याच बिंदूवर परत येतो, म्हणून Θ लाही तीच किंमत परत यायला हवी. λ ऋण असेल तर Θ घातांकी होतो आणि पूर्ण फेरी मारून पहिल्या किमतीला परत येत नाही. λ शून्य असेल तर `Θ = A + Bθ`, आणि फेरीनंतर जुळण्यासाठी B शून्य करावा लागतो. λ धन असेल तर sin आणि cos मिळतात, पण ते २π मध्ये पूर्ण संख्येइतक्या वेळा आवर्तन पूर्ण करतील तरच चालतात. म्हणून `λ = n²`, आणि n = ०, १, २, ३ वगैरे.

आता R च्या समीकरणात `R = r^p` ठेवून पाहा. `p(p−1) + p − n² = 0`, म्हणजे `p² = n²`, म्हणजे `p = ±n`. मधल्या पदाचा `+p` आणि `p(p−1)` मधला `−p` एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून घात पूर्णांक येतात. तुमच्या कागदावर घातांत वर्गमूळं दिसायला लागली, तर `(1/r) u_r` कुठेतरी राहून गेलंय एवढं नक्की समजा.

n शून्य असताना `+n` आणि `−n` हे दोन्ही घात एकच होतात, पण उकली दोन लागतात. दुसरी उकल `ln r` असते. पूर्ण यादी अशी: n = ० साठी स्थिरांक आणि `ln r`; बाकी प्रत्येक n साठी `rⁿ` आणि `r⁻ⁿ`.

यातल्या निम्म्या उकली आता टाकून द्यायच्या आहेत. चकतीत केंद्रही येतं, आणि `r = 0` ला `ln r` व `r⁻ⁿ` दोन्ही अनंताकडे जातात. तापमान अनंत होत नाही, म्हणून त्या टाकल्या असं पुस्तकं सांगतात. ते बरोबर आहे, पण `ln r` टाकण्यामागे आणखी ठोस कारण आहे. `ln r` म्हणजे केंद्रात तापलेली सुई खुपसल्यासारखं आहे: प्रत्येक वर्तुळातून तेवढीच उष्णता बाहेर जात राहते, तेव्हा ती कुठून तरी यायला हवी, आणि ती केंद्रातून येते. आपल्या चकतीत अशी सुई नाही. मधोमध भोक असलेलं वॉशर घेतलं तर मात्र केंद्र पदार्थात येतच नाही, आणि दोन्ही प्रकारच्या उकली ठेवाव्या लागतात. चकतीचं सूत्र वॉशरवर जसंच्या तसं लावणं ही नेहमीची चूक आहे.

उरलेल्या उकलींची बेरीज अशी लिहितात:

```
u(r,θ) = A0/2 + Σ (r/a)ⁿ [ An cos nθ + Bn sin nθ ],   n = 1, 2, 3, …
```

`rⁿ` ऐवजी मुद्दाम `(r/a)ⁿ` लिहिलं आहे. असं लिहिलं की `r = a` ठेवताच कंस नाहीसा होतो आणि उरते ती कडेच्या तापमानाची फूरिए श्रेढी. मग An आणि Bn चं एककही अंश सेल्सियस राहतं. `rⁿ` लिहून गुणांकात `aⁿ` ने भागायचं विसरलं, तर १० सेंटीमीटरच्या चकतीत तिसरं पद हजारपट मोठं होतं.

कडेच्या तापमानाला f(θ) म्हटलं, तर गुणांकांची सूत्रं:

```
An = (1/π) ∫ f(θ) cos nθ dθ      (0 ते 2π)
Bn = (1/π) ∫ f(θ) sin nθ dθ      (0 ते 2π)
```

A0 सुद्धा पहिल्याच सूत्राने येतो, आणि वर तो अर्धा करून घेतला आहे. म्हणजे `A0/2` ही कडेच्या तापमानाची साधी सरासरी. केंद्रात `r = 0` असल्याने बाकी सगळी पदं शून्य होतात. त्यामुळे केंद्राचं तापमान नेहमी कडेच्या सरासरीइतकंच असतं. हे अर्धं करायचं राहिलं तर केंद्र दुप्पट गरम येतं, आणि चूक तिथल्या तिथे पकडता येते. कोन रेडियनमध्येच घ्या. अंशांत समाकलन केलं तर प्रत्येक गुणांकात १८०/π चा गुणक घुसतो.

अर्धी कड गरम, अर्धी थंड

आता सुरुवातीचं उदाहरण. θ शून्य ते π पर्यंत f = १००, आणि π ते २π पर्यंत f = ०. सरासरी ५०. ५० वजा केल्यावर उरलेला भाग वरच्या अर्ध्यात +५० आणि खालच्या अर्ध्यात −५० आहे, म्हणजे विषम फलन. त्यामुळे cos ची सगळी पदं जातात. sin साठी:

```
Bn = (100/π) ∫ sin nθ dθ  (0 ते π)  = 100 (1 − cos nπ) / (nπ)
```

n सम असेल तर हे शून्य, विषम असेल तर `200/(nπ)`. म्हणून

```
u = 50 + (200/π) [ ρ sin θ + ρ³ sin 3θ / 3 + ρ⁵ sin 5θ / 5 + … ],   ρ = r/a
```

आपला बिंदू: ρ = ०.५ आणि θ = ९०°. तिथे sin ची किंमत आळीपाळीने +१, −१ होते. २००/π म्हणजे ६३.६६२. एक पद घेतलं तर ८१.८३ येतं, दोन घेतली तर ७९.१८, तीन घेतली तर ७९.५८, चार घेतली तर ७९.५१. खरी किंमत ७९.५२. चार पदांत दोन शतांशांच्या आत पोचलो.

एवढ्या लवकर पोचण्याचं कारण `ρⁿ`, आणि या सगळ्या गणिताचा जीव त्याच्यातच आहे. कडेवरचा n वळणांचा चढउतार आत शिरताना `ρⁿ` पटीने विरतो. अर्ध्या त्रिज्येवर पहिल्या चढउताराचा निम्मा भाग उरतो, पाचव्याचा बत्तिसावा. कडेवरची बारीक नक्षी चकतीच्या आत पोचतच नाही. पोचतो तो फक्त ढोबळ आकार.

कडेजवळ गेलं की हीच गोष्ट उलटते. त्याच ९०° च्या रेषेवर सोडून दिलेलं पहिलं पद एक शतांश अंशाहून लहान हवं असेल, तर ρ = ०.५ ला ५ पदं पुरतात, ρ = ०.९ ला २३ लागतात आणि ρ = ०.९९ ला सुमारे दीडशे. ठरलेली दहा पदं घेऊन संपूर्ण चकतीचा नकाशा काढला, तर मधला भाग निर्दोष आणि कडेला लाटा, असं चित्र येतं.

प्रत्यक्ष कडेवर आणखी एक घोळ आहे. f मध्ये १०० अंशांची उडी असल्याने `r = a` ठेवून कितीही पदं घेतली, तरी उडीच्या शेजारी बेरीज सुमारे १०९ पर्यंत जाते आणि दुसऱ्या बाजूला −९ पर्यंत घसरते. वीस विषम पदं घेतली तर हे शिखर उडीपासून साडेचार अंशांच्या कोनावर असतं. पदं वाढवली की शिखर उडीच्या जवळ सरकतं, पण खाली येत नाही. याला गिब्जचं नाव चिकटलं, कारण त्यांनी १८९९ मध्ये ते स्पष्ट केलं. हेन्री विल्ब्रॅहम यांनी मात्र ते १८४८ मध्येच दाखवलं होतं. आपल्या कामासाठी महत्त्वाचं एवढंच: लाप्लास समीकरणाच्या उकलीचं सर्वांत मोठं आणि सर्वांत लहान मूल्य नेहमी कडेवरच असतं. कडेवर ० ते १०० असेल तर आत १०० पेक्षा जास्त किंवा शून्याखाली तापमान असूच शकत नाही. नकाशात कुठे १०३ दिसलं, तर भौतिकशास्त्रात काही नवं सापडलेलं नसतं. पदं कमी पडलेली असतात.

या उदाहरणात सुदैवाने श्रेढीची बेरीज बंद रूपात येते:

```
u = 50 + (100/π) arctan[ 2 a r sin θ / (a² − r²) ]
```

चकतीच्या आत छेद नेहमी धन असतो, त्यामुळे arctan ची शाखा निवडण्याची भानगड नाही. पदं मोजायचीही गरज उरत नाही.

यावरून समतापी रेषाही सरळ मिळतात. arctan च्या आतली राशी स्थिर ठेवली की x, y मध्ये वर्तुळाचं समीकरण येतं, आणि अशी सगळी वर्तुळं उडीच्या दोन्ही बिंदूंतून जातात. ७५ अंशांची रेषा काढायची तर कंपासचं टोक कडेच्या सर्वांत खालच्या बिंदूवर, म्हणजे थंड भागाच्या मधोमध ठेवा, त्रिज्या १४.१४ सेंटीमीटर घ्या आणि एका उडीपासून दुसऱ्या उडीपर्यंत कमान ओढा. ती केंद्राच्या वर ४.१४ सेंटीमीटरवरून जाईल. २५ अंशांसाठी टोक सर्वांत वरच्या बिंदूवर. ५० अंशांची रेषा म्हणजे सरळ व्यास. संगणकावर काढलेला नकाशा या कमानींशी पडताळून पाहायला पाच मिनिटं लागतात.

खऱ्या चकतीत मात्र अशी धारदार उडी असू शकत नाही. त्या दोन बिंदूंपाशी सगळ्या समतापी रेषा एकत्र येतात, म्हणजे तापमानाचा उतार अनंत होतो. प्रत्यक्षात गरम आणि थंड भागांच्या मध्ये काही मिलिमीटरची फट ठेवावी लागते, आणि फटीच्या आसपास सूत्राचा आकडा खरा धरू नये. आत दोन-तीन फटीइतकं अंतर गेलं की `ρⁿ` ने हा फरक बराच पुसलेला असतो.

कडेवर सूत्र नाही, आठ वाचनं आहेत

प्रयोगशाळेत कडेचं तापमान सहसा सूत्राच्या रूपात नसतं. समजा त्याच चकतीच्या कडेवर दर ४५° ला एक, असे आठ थर्मोकपल बसवले आहेत, आणि ०° पासून क्रमाने वाचनं आली ९०, ७८, ५६, ३८, ३४, ४२, ६०, ८२.

समाकलाच्या जागी आता बेरीज येते. वाचनं M असतील तर

```
An = (2/M) Σ f_k cos(n θ_k)
Bn = (2/M) Σ f_k sin(n θ_k)
```

पण हे फक्त n = १ ते M/२ − १ पर्यंत. शेवटच्या n = M/२ साठी, म्हणजे इथे n = ४ साठी, २/M ऐवजी १/M वापरायचा आणि त्याचं sin चं पद घ्यायचंच नाही, कारण त्या आठही बिंदूंवर `sin 4θ` शून्यच असतो. हा अर्ध्याचा फरक विसरला तर मिळालेली बेरीज मूळ वाचनांमधून जात नाही.

हाताने करूनच पाहू. आठ वाचनांची बेरीज ४८०, म्हणून सरासरी ६०. हेच केंद्राचं तापमान.

A1 साठी ०° आणि १८०° ची वाचनं थेट येतात, तिरकस चार वाचनं ०.७०७१ ने गुणून येतात, आणि ९०° व २७०° ची गळतात:

```
A1 = 0.25 [ 90 − 34 + 0.7071 (78 − 38 − 42 + 82) ] = 28.142
B1 = 0.25 [ 56 − 60 + 0.7071 (78 + 38 − 42 − 82) ] = −2.414
A2 = 0.25 [ 90 − 56 + 34 − 60 ] = 2
B2 = 0.25 [ 78 − 38 + 42 − 82 ] = 0
```

याच पद्धतीने A3 = −०.१४२, B3 = −०.४१४ आणि A4 = ०. पुढे जाण्याआधी एक तपासणी करायचीच: r = a, θ = ०° ठेवा. ६० + २८.१४२ + २ − ०.१४२ = ९०. पहिलं वाचन परत आलं. ९०° लाही पाहा: ६० − २.४१४ − २ + ०.४१४ = ५६. तेही आलं. यातलं एकही जुळलं नाही, तर चिन्हं तपासा. sin 3θ चं चिन्ह ९०° ला ऋण असतं, आणि हाताने करताना चूक बहुतेक वेळा तिथेच होते.

आता आतला कोणताही बिंदू काढता येतो. केंद्रापासून ५ सेंटीमीटरवर, ६०° ला: पहिलं पद `0.5 × (28.142 × 0.5 − 2.414 × 0.866)` म्हणजे ५.९९, दुसरं `0.25 × 2 × (−0.5)` म्हणजे −०.२५, तिसरं ०.०२. बेरीज ६५.७६ अंश. n = ३ चा सगळा हिशोब केवळ दोन शतांशांचा निघाला.

केंद्राजवळचा उतारही याच गुणांकांत दडलेला आहे. केंद्रापाशी फक्त n = १ चं पद महत्त्वाचं असतं, म्हणून उताराचं मान √(A1² + B1²)/a म्हणजे दर सेंटीमीटरला २.८२ अंश, आणि दिशा −४.९°. म्हणजे केंद्रातून सर्वांत गरम बाजू ०° च्या जरा खाली, ३१५° कडे झुकलेली आहे. ३१५° चं वाचन ८२ आणि ४५° चं ७८ आहे, हे पाहता ते पटतंही.

संगणकावर हेच काम काही ओळींत होतं. M सम आहे असं इथे धरलं आहे:

```python
import numpy as np
f = np.array([90, 78, 56, 38, 34, 42, 60, 82], float)
M, a = len(f), 10.0
c = np.fft.rfft(f) / M

def u(r, th):
    s = c[0].real
    for n in range(1, M//2):
        s += 2*(r/a)**n * (c[n]*np.exp(1j*n*th)).real
    return s + (r/a)**(M//2) * c[M//2].real * np.cos(M//2*th)

print(u(5, np.pi/3))     # 65.7579...
```

वाचनं फसवतात ती कशी

आठ बिंदूंवर `cos 7θ` आणि `cos θ` हुबेहूब सारखे दिसतात. कडेवर सात वळणांचा चढउतार असेल, तर तो n = १ चा वेश घेऊन येतो आणि मग आतपर्यंत शिरतो, कारण n = १ कमी विरतो. याहून वाईट प्रकार n = ८ चा. कडेभोवती समान अंतरावर आठ हीटर आहेत आणि सोयीसाठी प्रत्येक थर्मोकपल बरोबर हीटरसमोर लावला, असं समजा. हीटरसमोर ५ अंश जास्त आणि दोन हीटरांच्या मध्ये ५ अंश कमी असं तापमान हलत असेल, तर आठही थर्मोकपल फक्त शिखरंच वाचतात. सरासरी ५ अंशांनी जास्त येते, आणि गणित केंद्राचं तापमानही ५ अंशांनी जास्त सांगतं. खरं तर हा चढउतार केंद्रापर्यंत पोचतच नाही. उपाय साधा आहे: थर्मोकपलांची संख्या हीटरांच्या संख्येच्या दुपटीहून बरीच जास्त ठेवा. ते जमणार नसेल तर थर्मोकपलांचं सगळं कडं दोन हीटरांमधल्या अंतराच्या निम्म्याने फिरवून दुसऱ्यांदा वाचनं घ्या. दोन्ही वेळच्या सरासऱ्या वेगळ्या आल्या की चोर सापडला.

एखाद्या थर्मोकपलाची चूक मात्र आत जाताना सौम्य होते. एक थर्मोकपल ८ अंश जास्त दाखवत असेल तर केंद्राचा आकडा १ अंशानेच वाढतो. पण उलट्या दिशेने जाऊ नये. अर्ध्या त्रिज्येवर मोजून कडेचं तापमान काढायचा मोह होतो. तेव्हा `ρⁿ` ने गुणण्याऐवजी भागावं लागतं, आणि पाचव्या पदातली चूक ३२ पट होते. अशा वेळी दोन किंवा तीन पदांवरच थांबावं आणि कडेची बारीक नक्षी कळणार नाही हे मान्य करावं.

प्वासाँचा समाकल कधी वापरावा

श्रेढीतले गुणांक मूळ सूत्रात घालून बेरीज केली तर भूमितीय श्रेढी मिळते, आणि प्वासाँचा समाकल तयार होतो:

```
u(r,θ) = (1/2π) ∫ (a² − r²) f(φ) / (a² − 2ar cos(θ−φ) + r²) dφ
```

अर्थ सोपा आहे: आतलं तापमान म्हणजे कडेच्या तापमानाची भारित सरासरी, आणि जवळच्या कडेला भार जास्त. एक-दोन बिंदूंचंच तापमान हवं असेल आणि f वेडावाकडा असेल, तर गुणांक काढत बसण्यापेक्षा हे बरं.

फक्त कडेजवळ सावध. दर १० अंशांना एक असे ३६ बिंदू घेऊन बेरीज केली, आणि कडेवर सगळीकडे ५० अंश आहेत असं धरलं, तर उत्तर अर्थातच ५० यायला हवं. ρ = ०.५ ला ते आठ दशांश स्थळांपर्यंत बरोबर येतं. ρ = ०.९ ला, बिंदूच्या बरोबर समोर, ५२.३ येतं. ρ = ०.९९ ला त्याच जागी २७९ येतं, आणि दोन बिंदूंच्या मधोमध ९! कारण भाराचं शिखर आता इतकं अरुंद झालेलं असतं की एक तर बिंदू त्याच्या टोकावर बसतो किंवा ते दोन बिंदूंच्या फटीतून निसटतं. प्रत्येक वेळी f च्या जागी स्थिरांक ठेवून हीच चाचणी आधी करावी. भारांची बेरीज १ येत नसेल तर बिंदू वाढवा. त्यांच्यातलं अंतर `a − r` पेक्षा बरंच लहान हवं.

गणित बरोबर, चकती वेगळी

मोजलेलं आणि काढलेलं तापमान जुळत नसेल, तर आधी केंद्र मोजा. ते कडेच्या सरासरीपेक्षा खोलीच्या तापमानाकडे झुकलेलं असेल, तर पृष्ठभागांतून उष्णता गळते आहे. मग समीकरणच बदलतं, `rⁿ` च्या जागी बेसेल फलनं येतात, आणि वरचं काहीच लागू होत नाही. आधी उष्णतारोधक थर नीट करणं जास्त सोपं.

दुसरी शक्यता म्हणजे घाई. कडेचं तापमान धरून ठेवल्यावर आतला उरलेला फरक साधारण `a²/(5.78 α)` एवढ्या काळात एक-तृतीयांशाच्या थोडा वर उरतो; इथे α म्हणजे औष्णिक विसरणशीलता. १० सेंटीमीटरच्या अ‍ॅल्युमिनियमसाठी हा काळ सुमारे १८ सेकंद, तर स्टेनलेस स्टीलसाठी सुमारे ७ मिनिटं. असे पाच काळ गेले की फरक शेकडा एकाच्या आत येतो. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमला दीड-दोन मिनिटं पुरतात, स्टेनलेस स्टीलला मात्र अर्ध्या तासाहून जास्त थांबावं लागतं, आणि त्रिज्या दुप्पट केली तर हा वेळ चौपट होतो.